विमानतळावरून ऑफिसचा संगणक उघडताना

पुण्यातल्या एखाद्या कर सल्लागाराच्या कार्यालयाची कल्पना करा. मालक, दोन सहायक आणि कोपऱ्यात एक डेस्कटॉप. त्यावर टॅली आणि सगळ्या ग्राहकांची खाती. महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीचं मासिक विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस. सहायकांपैकी एक जण मुंबई विमानतळावर दिल्लीच्या विमानाची वाट पाहत बसली आहे. एका ग्राहकाचा आकडा जुळत नाही म्हणून मालकांचा फोन येतो. ती लॅपटॉप उघडते, विमानतळाचं फुकट वायफाय जोडते आणि विंडोजमधलं रिमोट डेस्कटॉप चालू करते. पडद्यावर एक चौकट येते:

```
The identity of the remote computer cannot be verified.
Do you want to connect anyway?
```

समोरच्या संगणकाची ओळख पटत नाही, तरीही जोडायचं का, असा तो प्रश्न आहे. खाली Yes आणि No. ती Yes दाबते. ही चौकट तिने पहिल्यांदा पाहिली तेव्हाही असंच केलं होतं आणि काही बिघडलं नव्हतं. पुढच्या काही सेकंदांत ऑफिसचा पडदा तिच्यासमोर असतो.

सार्वजनिक वायफायच्या धोक्यांबद्दल आपण जे ऐकत आलो आहोत, त्यातलं बरंचसं आता जुनं झालं आहे. मात्र या एका Yes बद्दल कुणी फारसं बोलत नाही.

जुनी भीती खोटी नव्हती. २०१० साली एरिक बटलर या प्रोग्रॅमरने ‘फायरशीप’ नावाची एक छोटी जोडणी फायरफॉक्स ब्राउझरसाठी प्रसिद्ध केली. कॅफेत बसून ती चालू केली की त्याच वायफायवरच्या इतरांची फेसबुक खाती बाजूच्या पट्टीत नावानिशी दिसायची आणि एका क्लिकमध्ये उघडायची. तेव्हा बहुतेक संकेतस्थळं लॉगिनपुरतंच एन्क्रिप्शन वापरत आणि पुढचं सगळं उघड्यावर पाठवत. बटलरला नेमकं हेच लोकांच्या डोळ्यांसमोर आणायचं होतं, आणि पुढच्या काही वर्षांत मोठ्या संकेतस्थळांनी पूर्णवेळ एन्क्रिप्शन सुरू केलं. आज बँकेचं किंवा मेलचं पान कॅफेत उघडलं, तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाला त्यातला मजकूर वाचता येत नाही.

यामागे एक व्यवस्था आहे. बँकेचं संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरला एक प्रमाणपत्र दाखवतं. ते प्रमाणपत्र ब्राउझरच्या ओळखीच्या एखाद्या संस्थेने तपासून दिलेलं असतं. ते खोटं निघालं तर ब्राउझर पूर्ण पान अडवतो, आणि अनेक ठिकाणी पुढे जायचा रस्ताच ठेवत नाही. म्हणजे इथे दोन कामं एकदम होतात: बोलणं गुप्त राहतं, आणि आपण खरोखर बँकेशीच बोलतो आहोत याची खात्री होते.

ऑफिसच्या कोपऱ्यातल्या डेस्कटॉपकडे अशा कुठल्या संस्थेचं प्रमाणपत्र नसतं. रिमोट डेस्कटॉप चालू केलं की विंडोज स्वतःच स्वतःचं प्रमाणपत्र तयार करतं, त्यावर स्वतःच सही करतं, आणि साधारण सहा महिन्यांनी ते बदलतं. त्यामुळे जोडणी एन्क्रिप्ट होते, आणि उत्तम होते. पण पलीकडे नेमकं कोण आहे, हे तुमच्या लॅपटॉपला ठरवता येत नाही. म्हणून तो तुम्हाला विचारतो. एन्क्रिप्शनचं दुसरं अर्धं काम त्या क्षणी माणसावर सोपवलेलं असतं आणि माणूस ते घाईत Yes दाबून संपवतो.

आता ही जोडणी टप्प्याटप्प्याने पाहू, कारण प्रत्येक टप्प्यावर उघडं काय आणि झाकलेलं काय हे बदलत जातं.

पहिला टप्पा वायफाय जोडण्याचा. विमानतळाचं वायफाय बहुधा पासवर्डविना असतं, म्हणजे लॅपटॉप आणि वायफायचा खांब यांच्यातल्या हवेत काहीच एन्क्रिप्शन नसतं. कॅफेत फळ्यावर पासवर्ड लिहिलेला असतो, त्याने आपल्याला थोडं बरं वाटतं. पण डब्ल्यूपीए-२ या अजूनही सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत, ज्याला तो पासवर्ड माहीत आहे आणि ज्याने तुमचा लॅपटॉप जोडला जातानाची सुरुवातीची देवाणघेवाण टिपली आहे, त्याला पुढचं सगळं हवेतून उलगडता येतं. पासवर्ड तर फळ्यावरच आहे. २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए-३ मध्ये ही उणीव दूर केली आहे, पण कोपऱ्यावरच्या कॅफेने राउटर कधी बदलला असेल याची खात्री कोण देणार?

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की वायफायचं नाव ही कुणाचीच मालमत्ता नाही. विमानतळाच्या वायफायचं जे नाव असेल, तेच नाव पिशवीतल्या एका छोट्या यंत्राला देता येतं. तुमच्या लॅपटॉपने पूर्वी एखादं बिनपासवर्डचं नेटवर्क लक्षात ठेवलं असेल, तर त्याच्या दृष्टीने नाव जुळलं की पुरे. तो आपोआप जोडला जाऊ शकतो. ऑस्ट्रेलियात हे प्रत्यक्ष घडलं. एप्रिल २०२४ मध्ये एका विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना देशांतर्गत उड्डाणात एक संशयास्पद वायफाय दिसलं. चौकशीत पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका प्रवाशाच्या हातातल्या सामानात वायफाय पसरवणारं यंत्र, लॅपटॉप आणि मोबाइल सापडला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार पर्थ, मेलबर्न आणि ॲडलेडच्या विमानतळांशी संबंधित ठिकाणीही ही खोटी नेटवर्कं चालवली गेली. लोक जोडले गेले की त्यांच्यासमोर एक पान यायचं: वायफायसाठी ईमेल किंवा समाजमाध्यमाच्या खात्याने साइन इन करा.

या माणसाने कुठलंही एन्क्रिप्शन फोडलं नाही. लोकांनी पासवर्ड त्याच्याच पानावर टाईप केले. आपल्याकडच्या विमानतळांवर मोबाइल क्रमांक टाकून ओटीपी घ्यावा लागतो; तेवढ्याची आपल्याला सवय आहे. तिथे ईमेलचा किंवा बँकेचा पासवर्ड मागितला, एखादं ॲप किंवा ‘सुरक्षा प्रमाणपत्र’ बसवायला सांगितलं, तर तिथेच थांबावं. वायफाय देण्यासाठी यातलं काहीही लागत नाही.

दुसरा टप्पा पत्ता शोधण्याचा. सहायकाच्या लॅपटॉपला ऑफिसचा इंटरनेटवरचा पत्ता हवा असतो. तो विचारण्याची जुनी आणि अजूनही बहुतेक ठिकाणी चालणारी पद्धत उघड आहे. त्यामुळे ती कुठल्या नावाच्या ठिकाणी जोडते आहे, हे वायफाय चालवणाऱ्याला दिसतं. त्यानंतर जोडणी 3389 या क्रमांकाच्या पोर्टवर जाते. तो क्रमांक रिमोट डेस्कटॉपचा म्हणूनच ओळखला जातो. त्यामुळे इथे कुणीतरी दूरचा संगणक चालवतं आहे, हे आत काय आहे ते न वाचताही कळतं.

तिसऱ्या टप्प्यात एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते, आणि रोज रिमोट डेस्कटॉप वापरणाऱ्यांनाही ती सहसा माहीत नसते. एन्क्रिप्शन सुरू होण्यापूर्वी दोन्ही संगणकांची ‘कुठल्या पद्धतीने बोलायचं’ अशी एक छोटी बोलणी होते. त्या पहिल्याच निरोपात विंडोजचा रिमोट डेस्कटॉप बहुतेक वेळा अशी एक ओळ पाठवतो:

```
Cookie: mstshash=accounts1
```

बरोबरच्या चिन्हापुढे असतं ते वापरकर्त्याचं नाव, किंवा त्याची सुरुवातीची काही अक्षरं. ही ओळ पूर्णपणे उघडी जाते. अनेक ऑफिसांचे संगणक एकाच ठिकाणी चालत असतील तर कुणाला कुठे पाठवायचं हे ठरवण्यासाठी ती ठेवलेली आहे. परिणाम असा, की विमानतळावर ऐकत बसलेल्याला ऑफिसचा पत्ता, वापरलेली पद्धत आणि वापरकर्त्याचं नाव या तिन्ही गोष्टी हाती लागतात. राहतो फक्त पासवर्ड.

यानंतर एन्क्रिप्शन सुरू होतं आणि चौकट पडद्यावर येते.

समजा मध्ये कुणीच नाही. मग Yes दाबल्याने काही बिघडत नाही. टॅलीचे आकडे, टाईप केलेली अक्षरं, पडद्याचं चित्र, सगळं झाकलेलं जातं. वायफाय खोटं असलं तरीही ते उलगडत नाही. आधुनिक एन्क्रिप्शनचं हे मोठेपण आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे. बाहेरून दिसतं ते इतकंच की जोडणी किती वाजता सुरू झाली, किती वेळ चालली, कुठल्या दिशेला किती मजकूर गेला. एखादी मोठी फाईल उतरवली की तो फुगवटा दिसतो, मात्र फाईल कुठली ते दिसत नाही. अक्षरांमधल्या वेळेच्या अंतरावरून काय टाईप केलं असेल याचा अंदाज बांधता येतो, असं बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी एसएसएच या दुसऱ्या पद्धतीबाबत २००१ मध्येच दाखवलं होतं. ओपनएसएसएचने त्यावर उपाय म्हणून २०२३ मध्ये अक्षरांच्या वेळा मुद्दाम सारख्या करून पाठवायला सुरुवात केली. कर सल्लागाराने या शेवटच्या गोष्टीची चिंता करू नये. एन्क्रिप्शन मजकूर झाकतं, हालचाल झाकत नाही, एवढं मात्र त्यातून कळतं.

आता समजा मध्ये कुणीतरी आहे. खोटं वायफाय त्याचंच आहे, त्यामुळे ऑफिसच्या पत्त्याकडे निघालेली जोडणी तो स्वतःकडे वळवतो आणि स्वतःचं प्रमाणपत्र दाखवतो. तेही स्वतःच सही केलेलं, त्यावरचं नावही ऑफिसच्या संगणकाचंच. चौकटही तीच, जी नेहमी येते. सहायकाने Yes दाबलं की तिच्यात आणि चोरात एक निर्दोष एन्क्रिप्टेड जोडणी तयार होते, आणि चोर पलीकडे ऑफिसशी दुसरी जोडतो. एन्क्रिप्शन आपलं काम चोख करतं आहे, फक्त चुकीच्या माणसासोबत.

इथे विंडोजमधली ‘नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन’ ही सोय कामी येते. ती सक्तीची असेल तर पासवर्ड जसाच्या तसा पाठवला जात नाही. आधी पासवर्डपासून बनवलेलं एक गणिती उत्तर जातं, आणि त्यात समोरच्या प्रमाणपत्राची किल्लीही तपासली जाते. मधल्या माणसाचं प्रमाणपत्र वेगळं असल्याने जोडणी मोडते. पण ते गणिती उत्तर त्याच्या हातात राहतं. घरी जाऊन तो संगणकावर कोट्यवधी पासवर्ड एकेक करून त्याच्याशी ताडून पाहू शकतो. पासवर्ड कार्यालयाचं नाव आणि साल असा असेल तर तो लवकरच सापडेल. चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड असेल तर बहुधा कधीच सापडणार नाही. आणि ही सोय सक्तीची नसेल, तर मधला माणूस ‘मला जुनीच पद्धत येते’ असं सांगून लॅपटॉपला खाली उतरवतो. मग लॉगिनच्या पडद्यावर टाईप केलेलं प्रत्येक अक्षर त्याच्यामार्फत जातं.

मग आपण ओळखायचं कसं? याचं उत्तर त्या चौकटीतच आहे. तिथे पुन्हा विचारू नका असं सांगणारा एक छोटा चौकोन असतो. ऑफिसच्या आतल्या, विश्वासाच्या नेटवर्कवर बसून पहिल्यांदा जोडताना तो टिचकवला, तर लॅपटॉप त्या प्रमाणपत्राची खूण लक्षात ठेवतो. पुढे तेच प्रमाणपत्र दिसलं की तो गप्प राहतो. वेगळं दिसलं तरच पुन्हा विचारतो. ज्या लॅपटॉपवर महिनोन्‌महिने चौकट आली नाही आणि विमानतळावर अचानक आली, तिथे दोनच शक्यता राहतात: एक तर सहा महिने संपून ऑफिसचं प्रमाणपत्र बदललं आहे, नाहीतर मध्ये कुणीतरी आहे.

दोन्हींतली खरी कुठली हे फोनवर दोन मिनिटांत ठरवता येतं. ऑफिसमध्ये जो कुणी असेल त्याने त्या डेस्कटॉपवर पॉवरशेल उघडून ही ओळ चालवायची:

```
Get-ChildItem "Cert:\LocalMachine\Remote Desktop" |
  Format-List Thumbprint, NotAfter
```

उत्तरात प्रमाणपत्राची खूण म्हणून एक लांबलचक अक्षरमाळ येते आणि खाली प्रमाणपत्र कधी संपतं ती तारीख. इकडे सहायकाने चौकटीतलं View certificate दाबून त्यातली Thumbprint ची ओळ पाहायची. ‘काका, पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं वाचून दाखवता का?’ दोन्हीकडची अक्षरं जुळली तर मध्ये कुणी नाही. जुळली नाहीत तर लॅपटॉप मिटायचा. ही विचारपूस त्याच वायफायवरून मेसेज पाठवून करण्यापेक्षा मोबाइलच्या साध्या कॉलवर केलेली बरी. तपासणीचा रस्ता संशयित रस्त्यापेक्षा वेगळा असला की मगच तिला अर्थ येतो.

कार्यालयाला हे सगळं माणसावर सोडायचं नसेल, तर रिमोट डेस्कटॉपच्या Advanced टॅबमध्ये ओळख पटली नाही तर काय करायचं याची निवड असते. तिथे Do not connect ठेवलं की Yes चा मोहच उरत नाही. मात्र मग ऑफिसच्या संगणकाला लॅपटॉप ओळखेल असं प्रमाणपत्र आधी नीट बसवून घ्यावं लागतं. तिथलीच Connect and don't warn me ही निवड कुणी सोयीसाठी करून ठेवली असेल तर ती आजच बदलावी. त्या निवडीने चौकट नाहीशी होते आणि तिच्यासोबत एकमेव सूचनाही.

लिनक्सचे सर्व्हर एसएसएचने चालवणाऱ्यांना हाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत भेटतो. पहिल्या जोडणीत खूण दाखवून yes लिहायला सांगितलं जातं, आणि पुढे ती बदलली तर REMOTE HOST IDENTIFICATION HAS CHANGED! असं ओरडून जोडणी नाकारली जाते. तिथे जुनी नोंद पुसून पुढे जाण्याची सवय तरुण अभियंत्यांमध्ये मी फार पाहिली आहे. कॅफेत बसून ती नोंद पुसू नये.

आता व्हीपीएनबद्दल. या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. महिन्याला पैसे घेणारी एखादी कंपनी तुमची सगळी वाहतूक आपल्या सर्व्हरपर्यंत झाकून नेते आणि तिथून इंटरनेटवर सोडते. याने कॅफेतला माणूस आंधळा होतो, पण त्याला जे दिसत होतं ते आता त्या कंपनीला दिसतं, आणि तिच्या सर्व्हरपासून पुण्यापर्यंतचा रस्ता पूर्वीसारखाच राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे ऑफिसने स्वतः चालवलेलं व्हीपीएन, वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएनसारखं. त्यात लॅपटॉपपासून थेट ऑफिसच्या राउटरपर्यंत झाकलेली वाट तयार होते. दोन्ही टोकांना एकमेकांच्या किल्ल्या आधीच देऊन ठेवलेल्या असतात, म्हणून ‘ओळख पटत नाही, जोडू का?’ हा प्रश्न निघतच नाही. वापरकर्त्याचं नाव सांगणारी ती उघडी ओळही आत झाकली जाते. आमच्या कर सल्लागाराला उपयोग आहे तो या दुसऱ्या प्रकाराचा.

त्याच्याही मर्यादा आहेत. मे २०२४ मध्ये लेव्हायथन सिक्युरिटी या कंपनीच्या संशोधकांनी ‘टनेलव्हिजन’ नावाने एक उणीव समोर आणली. वायफाय जोडताना नेटवर्क तुमच्या लॅपटॉपला पत्ता देतं, आणि त्यासोबत ‘अमुक ठिकाणी जायचं असेल तर या वाटेने जा’ अशा सूचनाही देऊ शकतं. खोट्या नेटवर्कने अशी सूचना दिली की ठरावीक वाहतूक व्हीपीएनच्या आत न जाता बाहेरून जाते, आणि व्हीपीएनचं चिन्ह मात्र ‘जोडलेलं’ असंच दाखवत राहतं. अँड्रॉइड ती सूचनाच वाचत नाही, म्हणून तो यातून सुटला; विंडोज, मॅक, आयफोन यांना याचा धोका होता. म्हणजे व्हीपीएन चालू असतानाही ऑफिसकडे निघालेली जोडणी चोराकडे वळू शकते. तेव्हा आपल्याकडे उरते तीच, प्रमाणपत्राची खूण. व्हीपीएन आलं म्हणून ती तपासणं सोडू नये, ते यासाठी.

शिवाय वायफाय जोडल्यापासून व्हीपीएन लागेपर्यंत काही सेकंद जातात, कारण आधी ओटीपीचं पान पार करावं लागतं. तेवढ्या वेळात लॅपटॉपमधले सगळे कार्यक्रम इंटरनेट मिळालं म्हणून बोलायला लागतात. यातले बहुतेक स्वतःच्या एन्क्रिप्शनमध्ये बोलतात, पण सगळेच नाही.

मला या सगळ्यापेक्षा जास्त काळजी वाटते ती पुण्याच्या टोकाची. सहायकाला विमानतळावरून थेट ऑफिसच्या डेस्कटॉपला जोडता आलं, याचा अर्थ कुणीतरी राउटरवर 3389 हे पोर्ट बाहेरच्या जगासाठी उघडलेलं आहे. ते उघडलं की फक्त सहायकासाठी उघडत नाही. जगभरात अखंड फिरणारे कार्यक्रम असे उघडे पत्ते शोधत असतात, आणि सापडला की administrator, admin, accounts अशी नावं घेऊन पासवर्ड लावत बसतात. त्यांना विमानतळाची गरजच नसते. मे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ब्लूकीप’ नावाची उणीव जाहीर केली. जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये पासवर्डशिवायच शिरता येईल अशी ती होती. धोका इतका मोठा वाटला की कंपनीने आधार बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. अशा हल्ल्यात हल्लेखोराची जोडणीही नीट एन्क्रिप्ट झालेलीच असते. एन्क्रिप्शनला पलीकडच्या माणसाचा हेतू कळत नाही. ऑफिसचं व्हीपीएन बसवण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे: त्यानंतर 3389 बाहेरून बंद करता येतं.

तयार ॲपने जोडणाऱ्यांना हे पोर्ट उघडावं लागत नाही. ॲपच्या कंपनीचा सर्व्हर मध्ये राहून दोन्ही संगणकांची गाठ घालून देतो, आणि कॅफेतल्या चोराला इथे फारसा वाव नसतो. पण विश्वास आता त्या कंपनीवर जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कने आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं जाहीर केलं, जुनी प्रमाणपत्रं रद्द केली आणि आपल्या पोर्टलचे पासवर्ड बदलायला लावले. भारताला या ॲपचा दुसराच अनुभव आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं होतं: भामटे फोन करून लोकांना एनीडेस्क बसवायला सांगतात, पडद्यावरचा नऊ आकडी क्रमांक विचारून घेतात, परवानगी द्यायला लावतात आणि मग यूपीआयने खातं रिकामं करतात. त्या फसवणुकीत ॲपचं एन्क्रिप्शन अखंड होतं. भामट्याची आणि त्या घरातल्या फोनची जोडणी बाहेरच्या कुणालाही ऐकू येणार नाही इतकी सुरक्षित होती.

आपल्या बाजूचं टोकही तितकंच उघडं आहे. सायबर कॅफेच्या किंवा हॉटेलच्या लॉबीतल्या संगणकावरून ऑफिसला जोडू नये. तिथे कळफलकाची नोंद ठेवणारा कार्यक्रम असेल तर अक्षरं एन्क्रिप्ट होण्याआधीच टिपली जातात. पाठीमागच्या खुर्चीतल्या माणसाचं आणि छतावरच्या कॅमेऱ्याचंही तेच. स्वतःच्या लॅपटॉपवर रिमोट डेस्कटॉपच्या Local Resources मध्ये जाऊन पाहा: लॅपटॉपच्या ड्राइव्ह आणि कॉपी-पेस्टची जागा ऑफिसच्या संगणकाला उपलब्ध करून दिलेली असते का? काम फक्त पाहण्याचं असेल तर दोन्ही काढून टाका. नाहीतर एका टोकाला असलेला विषाणू त्याच एन्क्रिप्टेड वाटेने दुसऱ्या टोकाला पोहोचतो.

विमानतळावरच्या सहायकासाठी सगळ्यात सोपा उपाय तिच्या पर्समध्ये होता. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडला असता, तर खोटं वायफाय, फळ्यावरचा पासवर्ड आणि वाट वळवणाऱ्या सूचना हे तिन्ही प्रश्न एकदम गेले असते. टॅलीचा पडदा दूरवरून पाहायला फार डेटा लागत नाही, आणि आपल्याकडे डेटा स्वस्त आहे. ऑफिसचं उघडं पोर्ट मात्र हॉटस्पॉटने बंद होत नाही.

काम संपल्यावर खिडकी नुसती बंद केली तर फक्त जोडणी तुटते. ऑफिसच्या संगणकावर तिचं सत्र तसंच उघडं राहतं, टॅलीसकट. विमानाची घोषणा झाली आणि वायफाय सुटलं तरी तेच होतं. म्हणून आत Start मधून Sign out करावं, आणि ते राहून गेलं असेल तर पोहोचल्यावर पुन्हा जोडून करावं.

संशय आला असेल तर ऑफिसच्या डेस्कटॉपवर Event Viewer उघडून Windows Logs मधल्या Security च्या नोंदी पाहाव्यात. 4625 या क्रमांकाची नोंद म्हणजे फसलेलं लॉगिन. अनोळखी नावांच्या अशा शेकडो नोंदी दिसल्या तर पोर्ट जगासाठी उघडं आहे. 4624 म्हणजे यशस्वी लॉगिन. त्यात Logon Type 10 असेल तर ते रिमोट डेस्कटॉपने झालेलं आहे, आणि खाली Source Network Address मध्ये कुठून झालं तेही असतं. सहायक विमानात असतानाच्या वेळेची, तिच्या नावाची तशी एखादी नोंद सापडली, तर आधी त्या डेस्कटॉपची नेटवर्कची वायर काढावी, आणि मग दुसऱ्या संगणकावरून पासवर्ड बदलायला बसावं: आधी विंडोजचा, मग त्या डेस्कटॉपच्या ब्राउझरमध्ये साठवून ठेवलेला प्रत्येक.